घरच्या एगलेस केकची जाहिरात कशी लिहावी? आधी क्रीम ठरवा

शहादा, तळोदा, नवापूर, नंदुरबार या गावांत घरून केक करून देणाऱ्या ताई-वहिनींकडून काही प्रश्न वारंवार येतात. "जाहिरातीत सगळं लिहिलं, तरी फोनवर तेच तेच विचारतात." "अर्धा किलो म्हणजे एवढाच का, असं तोंडावर म्हणाले." "केक दुसऱ्या दिवशी आंबट झाला म्हणून पैसे परत मागितले." यांतल्या बहुतेक जाहिराती एकाच साच्याच्या असतात: 'घरगुती एगलेस केक, सर्व फ्लेवर, ताजे व स्वादिष्ट, ऑर्डरसाठी संपर्क करा.' या ओळीत गिऱ्हाइकाच्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही.

गिऱ्हाइकाला पाच गोष्टी कळायला हव्या असतात: वजन, चव, किती आधी सांगायचं, कुठवर पोचवाल आणि किती वेळ टिकेल. या पाच ओळी सुट्या सुट्या ठरवता येत नाहीत. तुम्ही कुठली क्रीम वापरता, त्यावर केक किती टिकेल हे ठरतं. टिकण्यावर किती लांब पाठवता येईल हे ठरतं, आणि क्रीम वितळायला-फेटायला लागणाऱ्या वेळावर किती आधी ऑर्डर हवी हे ठरतं. म्हणून जाहिरात लिहायला बसण्याआधी क्रीम ठरवा.

पहिली पायरी: क्रीमला तिच्या खऱ्या नावानं हाक मारा

घरगुती केकवर साधारण तीन प्रकारचं आवरण असतं.

- दुधाची व्हिपिंग क्रीम. हिच्यात स्निग्धांश 30 ते 35 टक्के असतो, म्हणून ती फेटल्यावर उभी राहते. भाजीत घालायच्या 25 टक्के स्निग्धांशाच्या क्रीमला तसा फुलोरा येत नाही. चवीला ही सगळ्यांत चांगली, पण उन्हात सगळ्यांत आधी हात टेकते.
- वनस्पती तेलाचं व्हिप टॉपिंग. बाजारात गोठवलेल्या डब्यात मिळतं आणि डब्यावर 'नॉन-डेअरी' असं छापलेलं असतं. आपल्याकडचे बहुतेक केक याचेच असतात. हे जास्त वेळ आकार धरतं.
- आवरणच नाही. रवा केक, मावा केक, सुकामेव्याचा केक असे साधे केक.

अडचण दुसऱ्या प्रकारात होते. वनस्पती तेलाच्या टॉपिंगला बोलताना सगळेच 'फ्रेश क्रीम' म्हणतात आणि जाहिरातीतही तेच छापलं जातं. गिऱ्हाईक त्याचा अर्थ दुधाची क्रीम असा घेतं. डब्यावरची घटकांची यादी वाचा आणि जाहिरातीत 'व्हिप टॉपिंग (वनस्पती तेलाचं)' असं सरळ लिहा. दुधाची क्रीम मागणाऱ्यासाठी वेगळा दर आणि वेगळी मुदत ठेवा.

'एगलेस' लिहिताना काय तपासायचं

आपल्या जिल्ह्यात जैन, गुजराती, मारवाडी, महानुभाव, वारकरी अशी बरीच कुटुंबं केक घेताना सगळ्यांत आधी अंड्याचंच विचारतात. त्यांना पिठात अंडं नाही एवढं सांगून भागत नाही. तीन गोष्टी पाहा.

1. जिलेटिन. चकाकणारी ग्लेझ, मार्शमॅलो आणि काही तयार मूस मिश्रणांत ते असतं. ते प्राण्यांपासून बनतं. केक बिनअंड्याचा असला, तरी जिलेटिनमुळे तो शाकाहारी राहत नाही. वस्तूच्या पाकिटावर हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका आहे का, ते बघूनच ती विकत घ्या.
2. सजावटीचं सामान. रंगीत गोळ्या, तयार फुलं, खाण्याची चित्रं यांच्या पाकिटांवरही तोच ठिपका शोधा. सुटं, पाकीट नसलेलं सामान घेऊ नका.
3. तुमचं स्वयंपाकघर. घरी अंडी शिजत असतील तर ते लपवू नका. केकची भांडी आणि बीटर वेगळे असतील तर 'केकची भांडी स्वतंत्र' असं लिहा. नसतील तर ती ओळ लिहू नका. विचारलं तर खरं सांगा.

भारतात अन्नाच्या लेबलसाठी अंडं मांसाहारात धरलं जातं, दूध धरलं जात नाही. म्हणून 'एगलेस, शाकाहारी, दूध आहे' असे तिन्ही शब्द लिहिले की कुणाचाच गोंधळ होत नाही.

वजन: बोर्ड वगळून आणि पौंड सोडून

वजनावरून होणाऱ्या भांडणांची दोन कारणं असतात. पहिलं कारण पौंड. एक पौंड म्हणजे सुमारे 454 ग्रॅम, पण बोलताना तो अर्ध्या किलोइतका धरला जातो. 'एक पौंड' लिहून दिलेला केक गिऱ्हाईक घरी मोजतं आणि 46 ग्रॅम कमी भरले म्हणतं. वैधमापन शास्त्र अधिनियम 2009 नुसार वजन आणि दर मेट्रिक मापातच सांगायचे असतात. म्हणून ग्रॅम आणि किलो एवढंच लिहा.

दुसरं कारण म्हणजे खालचा बोर्ड. त्याचंच वजन शंभर ग्रॅमच्या आसपास असू शकतं. रिकामा बोर्ड काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि केक त्याच बोर्डवर रचा. शेवटी काटा जे दाखवेल ते केकचं निव्वळ वजन. जाहिरातीत 'वजन बोर्ड वगळून' हे तीन शब्द घाला.

आता एक किलोचा अननस केक मांडून पाहू.

- स्पंज: 480 ग्रॅम
- साखरपाणी: 100 ग्रॅम
- क्रीम, आतली व वरची: 340 ग्रॅम
- अननसाचे तुकडे: 80 ग्रॅम

बेरीज एक किलो झाली. पण 480 ग्रॅम स्पंज मिळायला 480 ग्रॅम मिश्रण पुरत नाही. भाजताना पाणी उडून वजन दहा-बारा टक्क्यांनी घटतं. वर आलेला घुमट सपाट करताना आणखी चाळीस-पन्नास ग्रॅम निघतात. हिशेब असा: 590 ग्रॅम मिश्रण टाकलं, भाजून 525 उरलं, घुमट कापल्यावर 480 हाती आलं. तुमच्या ओव्हनमध्ये घट किती होते, ते दोनदा मोजून लिहून ठेवा. मग स्पंज कमी पडला म्हणून क्रीम थापून वजन भरायची वेळ येत नाही. जास्त क्रीम गिऱ्हाइकाच्या लगेच लक्षात येते, आणि ते त्याला आवडत नाही.

वजनाशेजारी तो किती जणांना पुरेल हे लिहिलं की 'एवढाच का' हा प्रश्न थांबतो. अर्धा किलो साधारण सहा इंच व्यासाचा होतो आणि पाच-सहा जणांना पुरतो. एक किलो सात-आठ इंचांचा, दहा-बारा जणांना.

काट्याचंही पाहा. स्वयंपाकघरातला छोटा काटा जिन्नस मोजायला ठीक. वजनावर विक्री करायची असेल तर वैधमापन विभागाची पडताळणी आणि मुद्रा असलेला काटा लागतो.

चव: जेवढं हाताशी, तेवढंच लिहा

'सर्व फ्लेवर' लिहिलं की गिऱ्हाईक नेमकं तुमच्याकडे नसलेलं मागतं. मग ऐनवेळी धावपळ होते आणि इसेन्सवर भागवावं लागतं. पाच-सहा चवी ठेवा आणि प्रत्येकीपुढे चव कशानं येते ते लिहा.

- अननस: डब्यातल्या अननसाचे तुकडे
- चॉकलेट: कोको आणि कंपाउंड चॉकलेट
- बटरस्कॉच: साखर-काजूचा कुरकुरीत चुरा
- आंबा: फक्त एप्रिल ते जून, ताजा रस
- रसमलाई: दुधातल्या रसमलाईचे तुकडे, वेलची-केशर

पाकिटातल्या बटरस्कॉच चुऱ्यात काजूच्या जागी शेंगदाणेही असू शकतात. म्हणून पाकीट वाचा आणि जाहिरातीच्या तळाशी 'गहू, दूध, सुकामेवा/शेंगदाणे आहेत' अशी ओळ ठेवा. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईसाठी ही ओळ सगळ्यांत महत्त्वाची असते.

लक्षात ठेवा, चव बदलली की मुदत बदलते. रसमलाई आणि ताज्या फळांत पाणी व दूध जास्त असतं, म्हणून हे केक सगळ्यांत कमी टिकतात.

किती आधी सांगायचं: उलटं मोजत या

आगाऊ वेळ ठरवायची सोपी रीत म्हणजे केक कापायच्या वेळेपासून मागे मोजत येणं. समजा, मे महिन्यातल्या रविवारी संध्याकाळी पाचला अननस केक पोचवायचा आहे.

- रविवार, दुपारी 4.30: केक डब्यात भरून निघायला तयार.
- रविवार, सकाळी 9 ते 12: क्रीम फेटणं, थर लावणं, सजावट. त्यानंतर साडेचार तास फ्रिजमध्ये घट्ट होण्यासाठी.
- शनिवार, सकाळी: स्पंज भाजणं. दोन-तीन तास पूर्ण गार करून, गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये.
- शुक्रवार, संध्याकाळी: गोठवलेली क्रीम फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात. रात्रभरात ती सावकाश वितळते.

बिनअंड्याचा स्पंज गरम असताना आडवा कापला तर भुगा होतो, कारण त्याला बांधून ठेवणारं अंडं नाही. क्रीम ओट्यावर घाईनं वितळवली तर फेटल्यावर पाणी सुटतं. म्हणून शनिवारची आणि शुक्रवारची पायरी गाळता येत नाही. याचा अर्थ आगाऊ वेळ 48 तास. फ्रीझरमध्ये तयार स्पंज आणि फ्रिजमध्ये वितळलेली क्रीम कायम असेल, तरच अर्ध्या किलोसाठी 24 तास लिहा.

छापील चित्राचा केक, आकाराचा केक किंवा दोन मजली केक असेल तर चार-पाच दिवस घ्या. खाण्याचं चित्र छापून घ्यायला बऱ्याचदा दुसऱ्या गावावर अवलंबून राहावं लागतं. नवापूर भागात नाताळच्या आठवड्यासाठी ऑर्डर घ्यायची शेवटची तारीख आधीच जाहीर करा.

दोन अटी जाहिरातीतच असू द्या. एक, 'आगाऊ रक्कम मिळाल्यावर ऑर्डर पक्की.' दोन, 'संध्याकाळी 6 नंतर आलेली ऑर्डर दुसऱ्या दिवशीची धरू.' आगाऊ रक्कम किती आणि रद्द केल्यास परत किती, हेही लिहा. स्पंज भाजायच्या आधी रद्द केल्यास पूर्ण परत, नंतर निम्मी, अशी सोपी विभागणी लोकांना पटते.

कुठवर पोचवाल: किलोमीटर नव्हे, मिनिटं मोजा

'20 किलोमीटरपर्यंत घरपोच' ही ओळ नंदुरबार जिल्ह्यात फसवी आहे. तापीकाठच्या सपाट रस्त्यावरचे वीस किलोमीटर आणि सातपुड्याच्या घाटातले वीस किलोमीटर केकसाठी सारखे नसतात. म्हणून गावांची नावं लिहा.

एक नियम डोळ्यांसमोर ठेवा. क्रीमचा केक फ्रिजबाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवेचं तापमान 32 अंशांच्या वर असेल तर एक तासच. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. हा एक तास तुम्हाला आणि गिऱ्हाइकाला मिळून वाटून घ्यायचा असतो. पाहुणे येईपर्यंत, मेणबत्त्या लागेपर्यंत, फोटो निघेपर्यंत केक टेबलावर असतोच. म्हणून उन्हाळ्यात रस्त्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त घेऊ नका आणि तेवढ्या वेळासाठीही थर्माकोलच्या पेटीत बर्फाचे जेलपॅक ठेवा.

शहाद्यातल्या स्वयंपाकघराचं उदाहरण घ्या.

- शहादा गाव आणि लोणखेडा: बाराही महिने घरपोच.
- प्रकाशा, सारंगखेडा, म्हसावद: बर्फाच्या पेटीतून, वाहतुकीचा वेगळा खर्च. उन्हाळ्यात फक्त सकाळी 10 च्या आत किंवा संध्याकाळी 6 नंतर.
- नंदुरबार, तळोदा: हिवाळ्यात क्रीम केक, उन्हाळ्यात गिऱ्हाइकानं स्वतःची बर्फाची पेटी आणून न्यावा.
- धडगाव, तोरणमाळ: फक्त साधा रवा किंवा सुकामेव्याचा केक. घाटाच्या वळणांवर थर सरकतात आणि क्रीम डब्याच्या भिंतीला लागते.

दत्तजयंतीच्या सारंगखेडा यात्रेत त्या रस्त्यावर गर्दी असते. त्या दिवसांत वेळेची हमी देऊ नका.

ही यादी अंदाजानं लिहू नका. प्रत्येक रस्त्यावर एकदा अर्ध्या किलोचा चाचणी केक नेऊन बघा. बोर्डवर चॉकलेटचा एक ठिपका देऊन केक चिकटवा, डबा बोर्डाच्या मापाचाच घ्या आणि स्कूटरवर पायाजवळच्या सपाट जागेवर ठेवा. पिशवीत घालून हँडलला टांगलेला केक पहिल्याच गतिरोधकाला कलतो. पोचल्यावर कडा खाली बसल्या असतील, रंग ओघळला असेल किंवा तळाशी पाणी दिसत असेल, तर ते गाव क्रीम केकच्या यादीतून काढा.

नवापूरच्या भगिनींसाठी एक वेगळी सूचना. उच्छल वा त्यापुढे केक घरपोच दिला तर तो दुसऱ्या राज्यात दिलेला माल होतो. दुसऱ्या राज्यात माल पुरवला, तर उलाढाल लहान असली तरी जीएसटी नोंदणीची अट लागू होऊ शकते. करसल्लागाराला विचारल्याशिवाय सीमेपलीकडची गावं जाहिरातीत छापू नका. गिऱ्हाइकानं नवापुरात येऊन नेणं हा सोपा मार्ग आहे.

किती टिकतो: वेळ आणि जागा दोन्ही लिहा

'तीन दिवस ताजा' या ओळीत केक कुठे ठेवायचा हेच नाही. गिऱ्हाईक केक कपाटावर ठेवतं आणि तिसऱ्या दिवशी तक्रार करतं. मुदत दर वेळी जागेसह लिहा. सुरुवात या मर्यादांपासून करा.

- व्हिप टॉपिंगचा केक: फ्रिजमध्ये 48 तास.
- दुधाची क्रीम, ताजी फळं, रसमलाई: फ्रिजमध्ये 24 तास.
- साधा रवा किंवा सुकामेव्याचा केक: हवाबंद डब्यात बाहेर 2 दिवस, थंडीत 3 ते 4 दिवस.

घड्याळ केक तयार झाल्यापासून सुरू होतं, पोचवल्यापासून नव्हे. रविवारी दुपारी 12 ला तयार झालेल्या अननस केकवर लिहा: 'तयार: रविवार दु. 12. फ्रिजमध्ये ठेवून मंगळवार दु. 12 पर्यंत खावा.' डब्यावर छोटी चिठ्ठी लावा, कारण त्या वेळी जाहिरात कुणाच्या समोर नसते.

स्वतःचा केक तपासायचा तर एक तुकडा फ्रिजमध्ये झाकून ठेवा आणि 24 व 48 तासांनी बघा. क्रीमच्या कडा पिवळट होणं, पाणी सुटणं, आंबूस वास आणि कोरडा, ठिसूळ स्पंज ही बिघडल्याची खूण. या चाचणीनं मुदत कमी करता येते, वाढवता येत नाही. आजारी पाडणारे जंतू वाढले तरी प्रत्येक वेळी वास किंवा रंग बदलतोच असं नाही.

बिनअंड्याचा केक फ्रिजमध्ये लवकर कोरडा वाटतो, याची तक्रार येते. लोण्यातला स्पंज थंडीत कडक होतो, तेलातला मऊ राहतो. क्रीम केकसाठी तेलाचा स्पंज घ्या, साखरपाणी नीट मुरवा आणि जाहिरातीत 'खाण्याआधी 10 मिनिटं बाहेर काढा' असं लिहा.

वीज जाणं हाही आपल्याकडे मुदतीचाच भाग आहे. दार न उघडलेला फ्रिज साधारण चार तास थंडी धरतो. त्यापुढे वीज नसेल तर क्रीम केक देऊ नका, रक्कम परत करा.

नोंदणी क्रमांक कुठे लिहायचा

घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. छोट्या उलाढालीसाठी ही सोपी मूळ नोंदणी असते. अर्ज foscos.fssai.gov.in या संकेतस्थळावर होतो. उलाढालीची सध्याची मर्यादा आणि शुल्क तिथेच पाहा. नोंदणीनंतर मिळणारा 14 अंकी क्रमांक जाहिरातीत आणि डब्यावरच्या चिठ्ठीवर लिहा.

पूर्ण जाहिरात अशी दिसेल

शहाद्याच्या त्याच स्वयंपाकघराची मे महिन्यातली जाहिरात:

> घरगुती एगलेस केक, शहादा
> शाकाहारी, जिलेटिन नाही. केकची भांडी स्वतंत्र.
> वजन (बोर्ड वगळून): 500 ग्रॅम, 5-6 जणांना. 1 किलो, 10-12 जणांना.
> चवी: अननस, चॉकलेट, बटरस्कॉच, आंबा (जूनपर्यंत). व्हिप टॉपिंग वनस्पती तेलाचं.
> ऑर्डर: 48 तास आधी, चित्राचा केक 5 दिवस आधी. निम्मी रक्कम मिळाल्यावर पक्की.
> घरपोच: शहादा, लोणखेडा. प्रकाशा, सारंगखेडा, म्हसावद सकाळी 10 च्या आत किंवा संध्याकाळी 6 नंतर, खर्च वेगळा.
> टिकतो: फ्रिजमध्ये तयार झाल्यापासून 48 तास, आंबा 24 तास. बाहेर 1 तासापेक्षा जास्त ठेवू नये.
> गहू, दूध, सोया, काजू आहेत.
> दर, नोंदणी क्रमांक, फोन.

फोटो स्वतःच्या केकचाच लावा. दुसऱ्याचा फोटो लावला, तर तसाच केक मागायचा हक्क तुम्हीच गिऱ्हाइकाला दिलेला असतो.

केक घेणाऱ्यांसाठी

वरची जाहिरात समोर असेल तर तुम्हालाही तिचा आधार आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार वजन, घटक किंवा दर्जाबद्दल दिशाभूल करणारी जाहिरात ही तक्रारीची बाब आहे. वजन कमी वाटलं तर केक कापायच्या आधी बोर्डसह मोजा आणि फोटो काढा. बोर्डचं वजन नंतर वजा करता येतं. केक बिघडलेला वाटला तर खाऊ नका, डब्यावरच्या चिठ्ठीचा फोटो घ्या आणि त्याच दिवशी कळवा. आधी केक करणाऱ्या ताईंशी बोला. तोडगा निघाला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. केक एक तासापेक्षा जास्त वेळ उन्हाळी मांडवात ठेवला असेल, तर तो दोष करणाऱ्याचा राहत नाही.

जाहिरात वर्षातून तीनदा बदला

मे महिन्यात लिहिलेली घरपोचची ओळ डिसेंबरात तुमचंच नुकसान करते, कारण थंडीत तुम्ही नंदुरबारलाही केक पाठवू शकता. डिसेंबरची ओळ मेपर्यंत तशीच राहिली तर नुकसान गिऱ्हाइकाचं होतं. होळी झाली की, पाऊस सुरू झाला की आणि दिवाळी झाली की टिकण्याची, घरपोचची आणि चवींची ओळ पुन्हा तपासा. वजनाची ओळ मात्र बाराही महिने तीच राहू द्या.